कोनाबाहेर राहिलेले केंद्र: स्वच्छ सिद्धतेविषयीच्या एका पत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात गणित विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांचा एक लहानसा गट आठवड्यातून एकदा तास संपल्यावर एकत्र बसतो. गटात प्रथम वर्षाची मुले जास्त असतात आणि तिसऱ्या वर्षातील एकदोघे त्यांच्या वह्या पाहतात. यातील बहुतेक मुले माशेल, शिरोडा, सावईवेरे, वाळपई अशा गावांतून येतात. प्राथमिक शिक्षण मराठीतून आणि पुढचे इंग्रजीतून झाल्यामुळे उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची आणि आपसांत चर्चा मराठीत करायची, ही त्यांची नित्याची रीत आहे. प्रस्तुत प्रकरण या गटातील तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने चवथीच्या सुट्टीपूर्वी प्रथम वर्षाच्या मुलांना लिहिलेल्या पत्राचे आहे. मुले तिला ताई म्हणतात, म्हणून इथेही तिचा उल्लेख तसाच केला आहे. या गटाचे काम मी शिक्षक या नात्याने जवळून पाहिले असून ताईच्या आणि मुलांच्या संमतीने हे लिहीत आहे.

सुट्टीपूर्वी गटाला जे प्रमेय सिद्ध करायला दिले होते ते सर्वांनी शाळेतच शिकलेले होते. वर्तुळाच्या PQ या कंसाने केंद्राशी केलेला कोन हा, त्याच कंसाने उरलेल्या कंसावरील कोणत्याही बिंदूशी केलेल्या कोनाच्या दुप्पट असतो. ओळखीचे प्रमेय मुद्दाम निवडले होते, कारण उत्तर शोधण्यात वेळ न जाता सगळे लक्ष लिहिण्याकडे राहावे असा हेतू होता.

अडचण

जमा झालेल्या वह्यांत जवळजवळ एकच आकृती होती. वर्तुळ, खाली P आणि Q, वर मधोमध A, आणि A पासून केंद्र O मधून खाली काढलेली रेषा, जी वर्तुळाला B मध्ये मिळते. त्याखालची सिद्धता अशी होती. OA आणि OP या त्रिज्या असल्यामुळे त्रिकोण OAP समद्विभुज आहे, म्हणून त्याचा बाह्य कोन POB हा ∠PAO च्या दुप्पट आहे. तसाच ∠QOB हा ∠QAO च्या दुप्पट आहे. दोन्हींची बेरीज केली की ∠POQ = 2∠PAQ मिळते.

वरवर पाहता यात चुकीचे विधान एकही नाही आणि परीक्षेत अशा उत्तराला बहुधा पूर्ण गुणही मिळतील. ताईला मात्र शेवटच्या बेरजेपाशी शंका आली. ∠PAO आणि ∠QAO यांची बेरीज ∠PAQ इतकी होते, हे कशावरून? किरण AO हा ∠PAQ च्या आत असेल तरच ते खरे आहे. आकृतीत तो आत आहे, कारण आकृती काढणाऱ्याने A मधोमध ठेवला आहे. प्रमेयात मात्र ‘कोणत्याही बिंदूशी’ असे शब्द आहेत.

तिने हे अंशांत मोजून पाहिले. P ला 0° मानले आणि घड्याळाच्या उलट दिशेने Q ला 80° वर ठेवले. A साठी 80° पासून 360° पर्यंतचा, म्हणजे 280° चा कंस उरतो. B हा A च्या बरोबर समोर, म्हणजे 180° पुढे असतो. तो P आणि Q यांच्या मधल्या 80° च्या कंसात पडण्यासाठी A हा 180° आणि 260° यांच्या मध्येच असला पाहिजे. याचा अर्थ असा की 280° च्या कंसापैकी फक्त 80° पुरती ती सिद्धता चालते आणि बाकीच्या 200° वरील बिंदूंविषयी ती काहीच सांगत नाही, केवळ 180° आणि 260° हे दोन सीमाबिंदू वेगळे राहतात. अपवादात्मक एखादा बिंदू निसटला असता तर गोष्ट वेगळी होती, पण इथे निम्म्याहून अधिक प्रमेय सिद्ध व्हायचेच राहिले होते.

काही मुलांनी प्रकार पाडले होते आणि हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी PQ हा लघुकंस, अर्धवर्तुळ आणि विशालकंस असे तीन प्रकार मांडून प्रत्येकासाठी स्वतंत्र आकृती काढली होती आणि तिन्ही आकृत्यांखाली तीच बेरीज लिहिली होती. आता PQ हे अर्धवर्तुळ असेल किंवा तो विशालकंस असेल, तर A च्या समोरचा B बिंदू त्या कंसावर पडतोच, त्यामुळे बेरीज नेहमीच चालते. ती फसते ती फक्त लघुकंसात, आणि लघुकंसाचे आणखी भाग मात्र कुणीच केले नव्हते. जिथे विभागणीची गरज नव्हती तिथे ती केली होती आणि जिथे गरज होती तिथे ती नव्हती.

याशिवाय एका वहीत सिद्धतेची सुरुवातच ∠POQ = 2∠PAQ या साध्यापासून झाली होती. दोन्ही बाजूंची फोड करत शेवटी दोन्हीकडे तीच राशी आली आणि त्याखाली ‘म्हणून सिद्ध झाले’ असे लिहिले होते. अनेक वह्यांत शेवटची ओळ नुसते समीकरण होते. ते कोणत्या A साठी आणि कोणत्या कंसासाठी मिळाले याचा उल्लेख नव्हता.

पर्याय आणि निवड

पहिला पर्याय अर्थातच निर्दोष सिद्धता लिहून ती सर्वांना देण्याचा होता. ताईने तो लवकरच बाजूला ठेवला, कारण मुलांकडे निर्दोष दिसणारी सिद्धता आधीपासूनच होती. दुसरी सिद्धता हाती आली असती तर त्यांनी तीही उतरवून घेतली असती आणि पहिलीत काय उणे होते ते कळलेच नसते.

दुसरा पर्याय सूचनांची यादी करण्याचा होता: गृहीत गोष्टी आधी लिहा, सर्व प्रकार पाहा, निष्कर्ष स्पष्ट लिहा. गटातील दुसऱ्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याचा कल या बाजूला होता, कारण यादी भिंतीवर लावता येते आणि पुढच्या वर्षीही कामाला येते. यावर ताईचा आक्षेप नेमका होता. ‘सर्व प्रकार पाहा’ ही सूचना लघुकंस, अर्धवर्तुळ आणि विशालकंस असे प्रकार पाडणाऱ्या मुलांनी पाळलीच होती. कोणते प्रकार, हे ठरवायचे कसे, याचे उत्तर यादीत मावत नव्हते.

तिसरा पर्याय एखादी खरी वही घेऊन तिच्यावर सर्वांसमोर टिपणे करण्याचा होता. यात प्रश्न मुलांच्या संकोचाचा होता. लहान गटात अक्षर लगेच ओळखले जाते, आणि पहिल्याच सहामाहीत एखाद्याची वही चुकीचा नमुना म्हणून फिरली तर तो पुढे काही लिहून दाखवणार नाही. म्हणून तिने अनेक वह्यांत समान असलेली सिद्धता स्वतःच्या शब्दांत लिहिली आणि तिच्याभोवती पत्र रचले. पत्र मराठीत लिहायचे आणि चिन्हे वहीत असतात तशीच ठेवायची, हेही तेव्हाच ठरले.

निवड आणखी एका बाबतीत करायची होती: आधी दोष सांगायचा की आधी मुलांना तो भेटू द्यायचा. ताईने दुसरा मार्ग घेतला आणि माझ्या मते पत्र परिणामकारक ठरले ते मुख्यतः यामुळे.

पत्रात काय लिहिले

पत्राची सुरुवात एका कृतीने होते. ताई लिहिते:

“प्रिय मित्रमैत्रिणींनो, पुढे वाचण्याआधी कंपास आणि कोनमापक घ्या. एक वर्तुळ काढा. P 0° वर, Q 80° वर आणि A 120° वर घ्या. AO वाढवून B मिळवा, तो 300° वर येईल. आता तुमच्या सिद्धतेतील प्रत्येक कोन मोजून त्या त्या ओळीसमोर लिहा.”

हे मोजल्यावर काय दिसते ते पाहण्यासारखे आहे. त्रिकोण OAP मध्ये केंद्राजवळचा कोन 120° असल्यामुळे ∠PAO 30° येतो आणि बाह्य कोन POB 60°. त्रिकोण OAQ मध्ये केंद्राजवळचा कोन 40° असल्यामुळे ∠QAO 70° येतो आणि ∠QOB 140°. दोन्ही ठिकाणी दुप्पट बरोबर जुळते. बेरीज केली की एकीकडे 100° आणि दुसरीकडे 200°, म्हणजे इथेही दुप्पटच. पण प्रत्यक्षात ∠PAQ 40° आहे आणि ∠POQ 80°. समीकरण खरे आहे, फक्त ते ज्या कोनांविषयी बोलते ते प्रमेयातले कोन नाहीत. या ठिकाणी ताईने एवढेच लिहिले आहे: “कोणती ओळ या आकृतीत खोटी ठरली तिच्यावर बोट ठेवा. प्रकार पाडायचे ते त्या ओळीसाठी.”

माझ्या दृष्टीने पत्राचा गाभा याच वाक्यात आहे. प्रकार हे प्रश्नाच्या रूपावरून पाडायचे नसतात; सिद्धतेतील जी पायरी नेहमी लागू पडत नाही, ती केव्हा लागू पडते आणि केव्हा पडत नाही यावरून ते ठरतात. इथे अडलेली पायरी कोनांच्या बेरजेची आहे. ती P आणि Q हे AB या व्यासाच्या कोणत्या बाजूला आहेत यावर अवलंबून आहे, म्हणून विभागणीही त्यावरूनच होते. P आणि Q यांपैकी एखादा B शी एकरूप असेल, किंवा दोघे व्यासाच्या विरुद्ध बाजूंना असतील, किंवा दोघे एकाच बाजूला असतील. वर्तुळावरील A आणि B सोडून प्रत्येक बिंदू व्यासाच्या एका ना एका बाजूला असतोच, आणि P किंवा Q हे A शी एकरूप नाहीत, त्यामुळे चौथा प्रकार उरत नाही. ताईने हे वाक्य सिद्धतेतच लिहायला लावले आहे. प्रकार संपले आहेत हे वाचणाऱ्याने ताडून घ्यावे, असे ती धरून चालत नाही.

यानंतर ती तिन्ही प्रकारांत लागणारी गोष्ट एकदाच वेगळी सिद्ध करते: X हा वर्तुळावरील A आणि B यांहून वेगळा बिंदू असेल तर ∠XOB = 2∠XAO. ‘B हून वेगळा’ ही अट तिने अधोरेखित केली आहे, कारण X हा B वर आला तर O, A, X एका रेषेत येतात आणि त्रिकोणच उरत नाही. पहिला प्रकार वेगळा का ठेवावा लागतो याचे कारण ही अट आहे. त्या प्रकारात, समजा P हाच B आहे, तर ∠PAQ म्हणजे ∠OAQ आणि ∠POQ म्हणजे ∠BOQ, आणि वरच्या विधानावरून काम एका ओळीत संपते. दुसऱ्या प्रकारात मुलांची मूळ बेरीज जशीच्या तशी येते. ताईने ती बदललेली नाही, फक्त तिच्या आधी ‘P आणि Q हे AB च्या विरुद्ध बाजूंना आहेत, म्हणून किरण AB हा ∠PAQ च्या आत आहे’ एवढे वाक्य घातले आहे.

तिसऱ्या प्रकाराबद्दल ती लिहिते: “दोघांपैकी B ला जो जवळचा त्याला P म्हणू. असे म्हणायला हरकत नाही, कारण प्रमेयात P आणि Q यांची नावे आपसांत बदलली तरी विधान तेच राहते. हे कारण लिहिल्याशिवाय नावे बदलू नका. आता त्या अर्धवर्तुळावर क्रम B, P, Q, A असा आहे. पुढच्या दोन ओळी मी लिहीत नाही, त्या तुम्ही लिहा आणि 120° च्या आकृतीवर तपासा.” त्या दोन ओळी बेरजेच्या जागी वजाबाकीच्या आहेत: 140° मधून 60° गेले की 80°, आणि 70° मधून 30° गेले की 40°.

निष्कर्षाविषयी पत्रात एकच परिच्छेद आहे. तिन्ही प्रकारांच्या शेवटी मिळालेली समीकरणे दिसायला सारखी असली, तरी प्रत्येक समीकरण आपापल्या प्रकारापुरतेच आहे, म्हणून त्यांना एकत्र आणणारे वाक्य लिहावेच लागते: वरील तीन प्रकारांखेरीज दुसरा प्रकार शक्य नसल्यामुळे, उरलेल्या कंसावरील प्रत्येक A साठी ∠POQ = 2∠PAQ. साध्यापासून सुरुवात केलेल्या वहीचा थेट उल्लेख न करता ती म्हणते की, जे सिद्ध करायचे ते पहिल्या ओळीत खरे मानले तर शेवटी दोन्ही बाजू सारख्या येण्यात नवल नाही. कच्च्या कामात तिकडून सुरुवात करायला हरकत नाही, पण पक्क्या लेखनात प्रत्येक ओळ आधीच्या ओळींतून आली पाहिजे.

पत्राच्या शेवटी, जवळजवळ टीप म्हणावी अशी, आणखी एक ओळ होती: ∠POQ म्हणजे A ज्याच्यावर नाही त्या PQ कंसाचे माप, ते 180° हून जास्तही असू शकते.

परिणाम

सुट्टीनंतर आलेल्या वह्यांत बहुतेकांनी 120° ची आकृती काढली होती आणि ओळींसमोर कोनांची मापे लिहिली होती. तिसऱ्या प्रकारातील वजाबाकी जवळजवळ सर्वांना जमली. त्याहून महत्त्वाचा बदल असा की, काहींनी ‘किरण AP हा AB आणि AQ यांच्या मध्ये आहे’ हे आपणहून कारणासह लिहिले. आधीच्या वह्यांत अशी वाक्ये नव्हती. तेव्हा ते काम आकृतीवर सोपवले जात असे.

दोन गोष्टी मात्र वाकड्या गेल्या. प्रकार पाडण्याचा उत्साह काहींना नडला. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळील कोनांची समानता एकाने शिरोकोन लघुकोन, काटकोन आणि विशालकोन असे तीन प्रकार करून सिद्ध केली, आणि तिन्हींत मजकूर अक्षरशः तोच होता. पायरी अडत नसताना पाडलेले प्रकार खोटे नसतात, पण वाचणाऱ्याला ते फरक शोधायला लावतात आणि फरक सापडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. नावे बदलण्याची मुभा मुलांना आवडली आणि तिच्यामागचे कारण मागे पडले. पुढच्या आठवड्यात a + b विषम असेल तर ab सम असतो, हे सिद्ध करताना ‘a सम आहे असे मानू, b सम असता तरी हेच’ असे अनेकांनी लिहिले. तिथे ते योग्यच होते, कारण a + b आणि ab या दोन्हींत नावांची अदलाबदल चालते. मग एका मुलीने त्याच वाक्याच्या आधारे, a + b विषम असेल तर a(b + 1) नेहमी सम असतो, असे ‘सिद्ध’ करून दाखवले. a सम असेल तर ते खरे आहे. पण a = 1 आणि b = 2 घेतले तर उत्तर 3 येते. a(b + 1) मध्ये a आणि b यांची जागा बदलली की राशीच बदलते, त्यामुळे b सम असण्याचा प्रकार वेगळा पाहणे भाग होते. ताईने हे उदाहरण त्या मुलीच्या परवानगीने फळ्यावर घेतले आणि तिथे प्रथमच ‘कारण लिहिल्याशिवाय नावे बदलू नका’ या वाक्याचा अर्थ गटाला नीट उलगडला.

वेगळे काय करता आले असते

पत्रातला 120° चा बिंदू ताईने निवडून दिला होता. त्यामुळे वेळ वाचला, पण बेरीज फसवणारा बिंदू शोधणे हे कौशल्य मुलांच्या वाट्याला आले नाही. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात जिओजेब्रा उपलब्ध आहे. त्यात A वर्तुळावर फिरवत ∠PAO आणि ∠QAO यांची बेरीज व ∠PAQ शेजारी शेजारी पाहिली असती, तर 180° आणि 260° या दोन जागी दोन्ही आकडे वेगळे व्हायला लागतात हे मुलांना स्वतः दिसले असते आणि सीमेवरचे हे दोन बिंदू म्हणजेच पहिला प्रकार, हेही त्यातूनच कळले असते. कागदावर एकच बिंदू घेतल्यामुळे पहिला प्रकार अनेकांना उगाच जोडल्यासारखा वाटला, असे वह्यांवरून दिसते.

‘नावे बदलू नका’ या सूचनेसोबत ती जिथे फसते असे एक उदाहरण पत्रातच असायला हवे होते. बेरजेच्या बाबतीत ताईने आधी अपयश दाखवले आणि मग नियम सांगितला. नावांच्या बाबतीत मात्र नुसता नियम सांगितला. परिणामांतला फरकही तसाच पडला.

तिसरा बदल मी सर्वांत आधी सुचवीन. ∠POQ चा अर्थ सांगणारी ओळ पत्राच्या शेवटी नको, पहिल्या ओळीत हवी होती. दुसऱ्या प्रकारात ∠POB आणि ∠QOB यांची बेरीज 180° च्या पुढे जाऊ शकते, आणि कोन नेहमी 180° च्या आतच मोजायचा अशी सवय असलेल्या वाचकाला तिथे सिद्धता चुकल्यासारखी वाटते. बहुतेकांनी ती शेवटची ओळ वाचून सोडून दिली. याची किंमत पुढच्या प्रमेयात दिसली. चक्रीय चौकोन ABCD चे संमुख कोन पूरक असतात हे सिद्ध करताना A जवळील कोनासाठी एक BD कंस घ्यावा लागतो आणि C जवळील कोनासाठी दुसरा. दोन्ही कंसांची केंद्राजवळील मापे मिळून 360° होतात, म्हणून दोन्ही कोन मिळून 180° होतात. ज्यांनी ∠BOD चा अर्थ कुठेच लिहिला नव्हता, त्यांच्या वहीत 2∠A = ∠BOD आणि 2∠C = ∠BOD अशा दोन ओळी एकाखाली एक आल्या, आणि त्यांतून ∠A = ∠C असा निष्कर्ष निघाला, जो साधारण चक्रीय चौकोनात खरा नसतो. ताईने पुढच्या वर्षासाठी पत्राचा जो नवा मसुदा केला आहे, त्यात ∠POQ चा अर्थ ‘पक्ष’ या शब्दाखालची पहिली ओळ म्हणून घेतला आहे आणि 120° ऐवजी ‘बेरीज फसेल असा A शोधा’ असे लिहिले आहे.